तिसऱ्या पानावरून परत गेलेल्या

ऑफिसात तिला सगळे नरसाळेबाई म्हणायचे. हे नाव दाढीनं ठेवलं होतं. दाढी म्हणजे त्यांचा प्रोग्रॅमर, वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, पण दाढी अशी की पहिल्यांदा भेटणारा माणूस त्याला चटकन ‘अहो’ म्हणायचा. नोकरीला लागल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये तिनं फळ्यावर एक नरसाळं काढलं होतं. वर रुंद, खाली चिंचोळं. साइटवर नोंदणी सुरू करणाऱ्या बायका वरून येतात आणि नोंदणी पुरी करणाऱ्या खालून बाहेर पडतात, असं समजावून ती म्हणाली, “घरच्या नरसाळ्यात ओतलेलं सगळं तेल खाली बाटलीत येतं. आपल्या नरसाळ्याला मध्येच भोकं आहेत. कुठं आहेत ते शोधण्यासाठी मला पगार मिळणार आहे.” सगळे हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

संस्था छोटी होती. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि पुढं एक हॉल. घरात मार खाणाऱ्या, कोंडून ठेवलेल्या, धमक्या ऐकत जगणाऱ्या बायकांशी इथल्या समुपदेशक फोनवर बोलायच्या. त्यासाठी साइटवर नोंदणी करावी लागे, आणि नोंदणीची चार पानं होती. पहिल्यावर ‘आम्ही तुम्हाला काय म्हणू?’, तिथं कुठलंही खोटं नाव चालत होतं. दुसऱ्यावर फोन नंबर. तिसऱ्यावर त्या नंबरवर आलेला ओटीपी. चौथ्यावर ‘कधी फोन केला तर धोका नाही?’ प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात एक लाल बटण होतं, ‘झटकन बाहेर’. ते दाबलं की पान नाहीसं होऊन हवामानाचा अंदाज दिसायचा. कोणी मागून येऊन डोकावलं तर बाई आपली उद्या ऊन पडणार का ते बघत होती, एवढंच.

अडचण अशी की पहिल्या पानावर आलेल्या शंभरातल्या जेमतेम वीस बायका चौथ्यापर्यंत पोचत होत्या. बाकीच्या मध्येच गळत होत्या. का गळतात, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

नरसाळेबाई मुळात भित्री. लहानपणी फटाका वाजला तर ती पलंगाखाली जायची, आणि मोठी झाल्यावरही दाराची बेल दोनदा वाजली की ती आधी खिडकीतून बघायची. पण या नोकरीतली तिची भीती वेगळीकडून आली होती. तिची मोठी बहीण, ताई, आता तिच्याकडेच राहत होती. शिवणाच्या दुकानात काम करायची, संध्याकाळी येताना भाजी आणायची, टीव्हीसमोर झोपून जायची. चार वर्षांपूर्वी ती अशी नव्हती. ताईचा नवरा रोज जेवणानंतर हात पुढं करायचा, आणि ताईनं तिचा फोन त्या हातावर ठेवायचा. हा घरातला नियम होता. एकदा एका वकीलबाईंच्या ऑफिसातून मेसेज आला, ‘आपली उद्याची वेळ पक्की झाली आहे.’ पुढचं मागचं काही नाही, एवढंच एक वाक्य. त्या रात्रीनंतर ताई बहिणीच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं प्लॅस्टरमध्ये होती. अजूनही सुईत दोरा ओवताना ती बोटं तिला दगा देतात.

त्यामुळं संस्थेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे संचालिकांनी, जेव्हा म्हटलं, “आपल्याला कळायला हवं, या बायका कुठं थांबतात आणि का थांबतात,” तेव्हा नरसाळेबाईनं आधी मान हलवली आणि मग तिला ताईला आलेला तो मेसेज आठवला.

दाढीकडं उपाय तयार होता. “बाजारात तयार अ‍ॅनालिटिक्स मिळतं, बाई. एक ओळ साइटवर चिकटवायची की झालं. कोण कुठं क्लिक करतं, काय टाइप करतं, माउस कुठं घुटमळतो, सगळ्याचा व्हिडिओसुद्धा. घरबसल्या सिनेमा.”

“काय टाइप करतं तेही?”

“हो ना. पासवर्ड तेवढा झाकतं.”

“आणि फोन नंबर?”

दाढी थांबला. “सेटिंग बघावं लागेल.”

“नको,” ती म्हणाली. “सेटिंग बघायला विसरलो तर? मला नंबर नको, नावं नकोत. मला फक्त पायऱ्या सांग. कोणीतरी दुसऱ्या पानावर आलं. कोणीतरी दुसरं पान पार केलं. बस.”

मोठ्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. “पण एकच बाई दोनदा आली की दोन बायका एकेकदा आल्या, हे कसं कळणार?”

“नाही कळणार. एका बैठकीपुरतं कळेल. पान उघडलं की एक आकडा उगाच उचलायचा, चिठ्ठी काढल्यासारखा. त्या टॅबपुरता तो जगेल. टॅब बंद झाला की आकडाही गेला. उद्या तीच बाई परत आली तर आपल्यासाठी ती नवीनच.”

अशी तिनं चौकट आखली. साइट जी नोंद पाठवेल, तिच्यात चारच गोष्टी: तो चिठ्ठीचा आकडा, पायरी कुठली, काय घडलं, आणि किती वेळात. वेळ पण नेमकी नाही. ‘दहा सेकंदांच्या आत’, ‘मिनिटाच्या आत’, ‘त्याहून जास्त’, एवढे तीनच कप्पे. काही फसलं तर पाचवा रकाना, ‘कारण’. ‘अंक कमी’, ‘अंक जास्त’, ‘रिकामं’, ‘सर्व्हर अडला’. बाईनं काय टाइप केलं ते कुठंच नाही. कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आली ते सर्व्हरवर साठवायचंच नाही. आणि सर्व्हरच्या दाराशी एक पहारेकरी, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम: या पाच रकान्यांशिवाय सहावा रकाना कोणी घेऊन आलं तर तो तिथंच टाकून द्यायचा. समुपदेशकांची नोंदणीची यादी वेगळी, कुलपात. तिच्यात चिठ्ठीचा आकडा नाही, आणि या नोंदींमध्ये नंबर नाही. एकीवरून दुसरीकडं जायला वाटच ठेवली नव्हती.

“फारच सोवळं,” दाढी म्हणाला, पण त्यानं ते नीट बांधलं.

चित्र लवकरच स्पष्ट झालं. पहिली दोन पानं बायका बऱ्यापैकी पार करत होत्या. तिसऱ्यावर मात्र नरसाळं फुटलं होतं. ओटीपीचं पान उघडायचं, आणि तिथं आलेल्या शंभरातल्या सत्तरजणी जायच्या. त्यातल्याही बहुतेक ‘झटकन बाहेर’ दाबून, आणि बहुतेक दहा सेकंदांच्या आत. कोणी ‘पुन्हा पाठवा’ सुद्धा दाबत नव्हतं.

“मेसेज पोचत नसणार,” दाढी म्हणाला.

“पोचला नाही तर माणूस वाट बघतो, पुन्हा पाठवा म्हणतो,” नरसाळेबाई म्हणाली. “या वाट बघत नाहीयेत. या पळतायत.”

“कशाला पळतील?”

तिच्या डोळ्यांसमोर जेवणाचं टेबल आलं, आणि पुढं केलेला एक हात. मग ती म्हणाली, “आपल्या मेसेजमध्ये संस्थेचं नाव आहे का?”

“अर्थात. नाव नसेल तर लोकांना फसवणूक वाटते.”

“फोनला लॉक असलं तरी मेसेज वरच्या वर दिसतो. टेबलावर पडलेला असला तरी.”

मोठ्या बाईंना पटलं, पण अर्धंच. त्यांच्यामागं देणगीदारांचा लकडा होता. त्यांना अंदाज नको होता, पुरावा हवा होता. त्यांनी सुचवलं, “थोडे दिवस फक्त, गळालेल्यांचे नंबर ठेवून घेऊ. आपणच त्यांना फोन करू, प्रेमानं विचारू. मदतच होईल ना त्यांना?”

“बाई, फोन कोण उचलेल?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विषय तिथं थांबला. थांबला असं तिला तरी वाटलं.

दाढीच्या मनात मात्र मेसेजचंच घोळत होतं. मेसेज पाठवायचं काम संस्थेनं बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं. कधी मेसेज गेला नाही तर ती कंपनी उत्तरात कारण कळवायची. दाढीनं विचार केला, तेच उत्तर आपल्या ‘कारण’ रकान्यात टाकावं, म्हणजे मेसेज किती फसतात ते मोठ्या बाईंना आकड्यांत दाखवता येईल. वाईट हेतू काहीच नव्हता. दोन ओळींचा बदल. रकाना नेहमीचाच, म्हणून दाराशी बसवलेल्या पहारेकऱ्यानं तो आत सोडला. पहारेकरी रकान्याचं नाव बघत होता. आत काय आहे ते त्याला बघायला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याच सुमारास देणगीदारांची माणसं भेट देऊन गेली होती, आणि त्यांना दाखवायला म्हणून हॉलच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही लावला होता. त्यावर दिवसभर डॅशबोर्ड चालू असायचा, रंगीत पट्ट्यांचा. आज किती आल्या, किती पुढं गेल्या. नुसते आकडे, त्यामुळं कोणी हरकत घेतली नव्हती. नरसाळेबाईनंसुद्धा नाही. काही दिवसांनी तर कोणी तिकडं नीट बघेनासंही झालं.

बुधवार होता, दुपारची वेळ. ती चहाचा कप घेऊन आतल्या खोलीतून हॉलमध्ये आली. दाराजवळच्या टेबलाशी मावशी बसल्या होत्या. आल्यागेल्याशी त्याच बोलायच्या. त्यांच्यासमोरच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हेल्मेट, पायात चकचकीत बूट. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढं झुकावं लागत होतं.

“मला भांडायचं नाही, मावशी,” तो म्हणत होता. “माझ्या बायकोच्या फोनवर तुमचा मेसेज आला. तुमचंच नाव आहे. मला काळजी वाटते तिची. तिनं इथं नाव घातलंय का, एवढंच हो किंवा नाही सांगा.”

“आम्ही असं कोणाचंच सांगत नाही, साहेब,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या हातातलं पेन टेबलावर टकटक वाजत होतं.

नरसाळेबाई दारातच थांबली. म्हणजे हेच. तिसरं पान हेच होतं. ओटीपी आला, आणि तो याच माणसानं वाचला. देणगीदारांना पुरावा हवा होता ना? तो समोर बसला होता, हेल्मेटवरून सावकाश हात फिरवत.

मग तिची नजर सहज टीव्हीकडं गेली.

‘कारण’ या तक्त्यात नेहमीच्या चार पट्ट्या होत्या. ‘अंक कमी’, ‘अंक जास्त’, ‘रिकामं’, ‘सर्व्हर अडला’. त्यांच्या खाली सहा-सात नवीन, आखूड पट्ट्या. प्रत्येकीवर एकच एक मोजणी. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लिहिलेलं: ‘या नंबरवर मेसेज पाठवता आला नाही’, आणि पुढं नंबर. पुरा. शेवटच्या अंकापर्यंत, खुर्चीतून आरामात वाचता येईल अशा ठळक अक्षरांत.

तो माणूस टीव्हीकडंच बघत होता.

तिला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडलं तर तो नीट बघेल हेही कळलं. ती चालत गेली. चालत, पळत नाही. टीव्हीच्या मागं हात घातला आणि वायर खेचली. पडदा काळा झाला. हातातल्या कपातला चहा तिच्या मनगटावर सांडला होता आणि भाजत होता, ते तिला नंतर समजलं.

“का बंद केलात?” माणसानं विचारलं.

“तापतो फार,” ती म्हणाली.

“त्यावर नंबर होते.” तो हसला. खरंच हसला, शेजाऱ्याशी बोलावं तसा. “फोनचे नंबर. होय ना?”

मावशींचं पेन थांबलं होतं. त्याच्या हातात त्याचा फोन होता. आधीपासून होता की आत्ता काढला, हे तिला आठवेना. तेवढं एक आठवेना, आणि पुढं कितीतरी दिवस आठवायचा प्रयत्न करूनही आठवलं नाही.

तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांना काय झालंय ते माहीत नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे त्यांनी वाचले. त्या माणसासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “इथं कोण येतं, कोण येत नाही, ते आम्ही कोणालाही सांगत नाही. आईला नाही, भावाला नाही, नवऱ्याला नाही. तुमच्या घरचं कोणी इथं आलेलंच नसेल, तरी तेही सांगणार नाही. तुम्ही आता निघा.”

तो उठला. घाई नव्हती. दारात थांबून त्यानं हेल्मेट घातलं, काच वर ठेवली, आणि खोलीतल्या प्रत्येकीकडं एकेकदा बघितलं. मग जिन्यावरून बुटांचा आवाज खाली खाली गेला. नरसाळेबाई खिडकीशी गेली. खाली रस्त्यापलीकडं, कुलूप लावलेल्या एका दुकानाच्या पायरीवर तो बसला आणि फोनमध्ये काहीतरी बघू लागला. मावशींनी आतून कडी घातली. सगळ्या खोल्यांचे पडदे ओढले. तो तिथून गेला तेव्हा उन्हं कलली होती.

दाढीला जेव्हा कळलं तेव्हा तो खुर्चीत मागं टेकून छताकडं बघत राहिला. “मी घातलं ते,” तो म्हणाला. “दोन दिवसांपूर्वी. मला वाटलं नुसतं ‘फसला’ असं येईल. पूर्ण वाक्य येईल हे... मी बघितलंच नाही.”

“मी पण नाही बघितलं,” नरसाळेबाई म्हणाली. “पहारेकरी मी आखला. रकान्यांची नावं तपासली, आतला माल नाही. आता रडायला वेळ नाही. ऊठ.”

आधी त्यांनी नवीन नोंदी घेणंच थांबवलं. मग त्या दोन दिवसांतल्या ‘कारण’ रकान्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या. मग त्यांच्या प्रती शोधल्या: डॅशबोर्ड वेगानं दिसावा म्हणून त्यानं स्वतःजवळ ठेवलेली प्रत, सर्व्हरचा बॅकअप, दाढीच्या लॅपटॉपवर तपासणीसाठी उतरवलेली एक फाइल. देणगीदारांना डॅशबोर्डची लिंक दिलेली होती. ती बंद केली. दर शुक्रवारी डॅशबोर्डचं चित्र त्यांना मेलनं आपोआप जायचं. ती मेल आठवली तेव्हा नरसाळेबाई उठून उभी राहिली, आणि मग दाढी हळूच म्हणाला, “आज बुधवार आहे, बाई.” तिनं कॅलेंडर बघितलं. तरी दोनदा बघितलं.

पण भीतीचा खरा काटा वेगळाच होता, आणि तो मोठ्या बाईंनी विचारला. “त्याची बायको त्या नंबरांत होती का?”

नरसाळेबाईनं डोकं धरलं. “पडद्यावर होते ते नंबर मेसेज न गेलेले. तिला तर मेसेज पोचला, त्यानंच वाचला. म्हणजे ती त्यांत नसावी.”

“नसावी?”

“पहिल्यांदा फसला असेल आणि तिनं परत प्रयत्न केला असेल, दुसऱ्यांदा गेला असेल, तर असेल. दोन्ही होऊ शकतं.”

“बघता येणार नाही?”

“आता नाही. पुसलं सगळं. आणि पुसलं नसतं तरी मी कुठला नंबर तिचा ते कशावरून ठरवलं असतं? त्यालाच विचारून?” तिचा स्वर चढला, मग एकदम उतरला. “आणि ती नसली तरी ज्या सहा-सात होत्या, त्यांतल्या कोणाच्या घरी त्याच्या ओळखीचं कोणी असेल तर? त्यानं फोटो काढला असेल तर? मला माहीत नाही, बाई. मला काहीच माहीत नाही.”

त्या बायकांना फोन करून सावध करता येत नव्हतं. नंबर त्यांनी स्वतःच पुसले होते, आणि असते तरी फोन कोण उचलेल हा प्रश्न होताच. मग नरसाळेबाई म्हणाली, साइटच्या पहिल्याच पानावर लिहू. मोठ्या बाई दचकल्या. देणगीदार, वर्तमानपत्रं, संस्थेचं नाव. त्यांनी पुष्कळ कारणं सांगितली, आणि प्रत्येक कारण सांगताना आवाज थोडा खाली येत गेला. शेवटी त्यांनीच कागद ओढून मजकूर लिहिला: या दोन दिवसांत नोंदणी करताना तुम्हाला मेसेज आला नसेल, तर तुमचा नंबर आमच्या चुकीमुळं आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर दिसला असण्याची शक्यता आहे, तो बाहेरच्या एका माणसानं बघितला असू शकतो. खाली समुपदेशकांचा नंबर. ‘क्षमस्व’ हा शब्द त्यांनी दोनदा खोडला आणि त्याजागी ‘आम्ही चुकलो’ लिहिलं.

देणगीदारांचा फोन आला आणि तो लांबला. बंद दाराआडून मोठ्या बाईंचं “हो” आणि “बरोबर आहे” एवढंच ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “अजून सोबत आहेत. टीव्ही मात्र काढा म्हणाले.” टीव्ही आधीच काढलेला होता. भिंतीवर चार भोकं उरली होती.

मग दुरुस्तीचं काम सुरू झालं. नवीन पहारेकरी रकान्याच्या आतही बघू लागला. ‘कारण’ रकान्यात ठरवून दिलेल्या शब्दांपैकीच एक चालेल. दुसरं काहीही आलं की ते टाकून देऊन फक्त ‘इतर’ लिहायचं. दाढीनं मुद्दाम चाचण्या लिहिल्या, प्रत्येक रकान्यात खोटे नंबर, खोटी नावं, खोटे पत्ते कोंबून पाठवायचे आणि एकही आत पोचत नाही ना ते बघायचं; साइटमध्ये कुठलाही बदल करायच्या आधी या चाचण्या आपोआप चालतील अशी सोय केली. डॅशबोर्डवर पाचपेक्षा लहान आकडा दाखवायचाच नाही असं ठरलं, कारण एकट्यादुकट्या बाईच्या पट्टीवरून कोणी काहीही ताडू शकतं.

आणि मेसेज बदलला. आता त्यात संस्थेचं नाव नव्हतं. ‘तुमचा कोड’ आणि अंक, बस. पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नावही बदलून घेतलं; कुठल्याही दुकानाचं, कुठल्याही अ‍ॅपचं असू शकेल असं काहीतरी. शिवाय दुसऱ्या पानावरच ‘थोड्या वेळानं एक साधा मेसेज येईल, त्यात आमचं नाव नसेल’ अशी ओळ टाकली. आणि ज्यांना फोनवर काहीच यायला नको होतं त्यांच्यासाठी वेगळी वाट केली: नंबर देऊ नका, एक शब्द निवडा, आणि जमेल तेव्हा कुठल्याही फोनवरून तुम्हीच आम्हाला फोन करा, तो शब्द सांगा.

हे सगळं चालू असताना नरसाळेबाई घरी वेगळ्याच रस्त्यानं जायची. हेल्मेट घातलेला कोणीही मागं थांबला की ती रस्ता ओलांडायची. ताईला तिनं सांगितलं नव्हतं, पण ताईच्या लक्षात आलं.

“काय झालंय तुला?” ताईनं एका संध्याकाळी विचारलं. “कडी तीनदा तपासतेस.”

मग तिनं सांगितलं. नंबर, टीव्ही, तो माणूस. ताई ऐकत होती, मांडीवरची शिवण बाजूला ठेवून. सगळं ऐकल्यावर तिनं एकच विचारलं, “मऊ बोलत होता?”

“हो.”

“अं,” ताई म्हणाली. शिवण परत उचलली. तिच्या त्या दोन बोटांना सुई धरवेना, म्हणून बहिणीनं ती हातात घेतली आणि दोरा ओवून दिला. त्या रात्री दोघी एकाच खोलीत झोपल्या.

काही आठवड्यांनी आकडे आले. तिसऱ्या पानावर पोचलेल्या शंभरातल्या साठाहून जास्तजणी आता ते पार करत होत्या. आधी त्या तीस होत्या. ‘झटकन बाहेर’ अजूनही होतंच, पण कमी झालं होतं. शब्दाच्या वाटेनंही बायका जात होत्या. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडं बघून हसले, आणि दाढीनं किती दिवसांनी कोणाची तरी थट्टा केली.

“आधी परत गेलेल्याच आता परत आल्या का?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“सांगता येत नाही,” नरसाळेबाई म्हणाली. “तसंच बांधलंय.”

“त्या माणसाची बायको?”

“ती सुद्धा.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. तो माणूस पुन्हा आला नाही. पहिल्या पानावरची सूचना वाचून काही फोन आले. कोणाचे, काय बोलणं झालं, ते समुपदेशकांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं नाही.

एका दुपारी एक समुपदेशक आपल्या खोलीतून बाहेर आली. फोन बराच लांबला असावा. तिचा चेहरा ओला होता. तिनं माठातलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायली, दुसरा पेला भरला आणि आत जाऊन पुन्हा दार लावलं. नरसाळेबाईच्या टेबलावर डॅशबोर्ड उघडा होता. शब्दाच्या वाटेच्या रकान्यात त्या दिवसासाठी ‘पाचपेक्षा कमी’ एवढंच लिहिलेलं होतं. एक असेल, चार असतील, कदाचित शून्यही. ती पट्टीकडं बघत बसली. बंद दाराआडून समुपदेशक बाईचा हळू आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. कळू नयेत म्हणून ती उठून पलीकडच्या खोलीत जाऊन बसली.